कॅरलच्या व्हिडिओखाली काय लिहायचं: नावं, श्रेय आणि उपासनेच्या वेळा

दर डिसेंबरात हेच होतं. व्हिडिओ रात्री अकराला एडिट होऊन येतो, साडेअकराला कोणीतरी डोळे चोळत यूट्यूबवर चढवतो आणि खाली एवढंच लिहितो: 'आमच्या क्वायरतर्फे सर्वांना नाताळच्या शुभेच्छा, आवडल्यास शेअर करा.' सकाळपासून फोन सुरू होतात. मिडनाइट किती वाजता? मराठी उपासना वेगळी आहे का? मधला सोलो कोणाचा? आणि एक फोन येतच नाही. ज्या ताईंचं नाव राहिलं, त्या काही बोलत नाहीत. पुढच्या वर्षी फक्त सरावाला येत नाहीत.

नागपुरात आमच्या क्वायरचं हे लिखाण मी काही वर्षं करतोय आणि वर सांगितलेल्या सगळ्या चुका माझ्या करून झाल्या आहेत. खालचा क्रम त्यातूनच बसला. तो उलटा केला, म्हणजे व्हिडिओ आधी आणि मजकूर नंतर, की पुन्हा त्याच चुका होतात.

## १. रेकॉर्डिंगच्या दिवशीच नावांचा कागद भरून घ्या

नावं आठवून लिहायची नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुपच्या यादीवरूनही नाहीत, कारण ग्रुपात असलेले सगळे त्या दिवशी गायलेले नसतात आणि गायलेले सगळे ग्रुपात नसतात. रेकॉर्डिंगच्या दिवशी दारात एक कागद आणि पेन ठेवा. प्रत्येकाने आपलं नाव स्वतःच्या हाताने, जसं छापून यावंसं वाटतं तसं लिहायचं. पुढे आवाज लिहायचा: सोप्रानो, आल्टो, टेनर किंवा बेस.

स्वतःच्या हाताने का, तर आपल्या मंडळ्यांमध्ये एकाच नावाची दोन-तीन रूपं सहज असतात. बाप्तिस्म्याचं नाव वेगळं, घरचं वेगळं, लग्नानंतरचं आडनाव कोणी लावतं, कोणी लावत नाही. इंग्रजीतून देवनागरीत आणताना तर हमखास घोळ होतो. 'डेव्हिड' की 'दावीद' हे त्या माणसालाच ठरवू द्या.

त्याच कागदावर खाली वेगळी जागा ठेवा: कीबोर्ड, तबला, गिटार, क्वायर चालवणारे, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, कॅमेरा, एडिटिंग. वादकांची नावं गायकांपेक्षा जास्त वेळा सुटतात. ते कोपऱ्यात बसतात आणि कॅमेऱ्यात अर्धेच दिसतात.

लहान मुलं गाणार असतील तर त्यांच्या नावापुढे पालकाची सही घ्या. मी मुलांचं फक्त पहिलं नाव देतो. आडनाव, शाळा, वय यातलं काही देत नाही. पालकांना नाव नको असेल तर 'आणि संडे स्कूलची मुलं' एवढं पुरतं.

सावधान: शेवटच्या पाटीवर नावं टाकणार असाल तर तीही याच कागदावरून टाका. व्हिडिओखालचा मजकूर केव्हाही दुरुस्त करता येतो, पण व्हिडिओ त्याच लिंकवर बदलून चढवता येत नाही. पाटीवर चुकलेलं नाव दुरुस्त करायचं तर नवी लिंक, शून्यापासून व्ह्यूज आणि जुन्या फॉरवर्ड्समध्ये चूक तशीच. म्हणून मी पाटीवर फक्त चर्चचं आणि क्वायरचं नाव ठेवतो, बाकी सगळं खालच्या मजकुरात.

## २. प्रत्येक गाण्याचं श्रेय चार खणांत लिहा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'संगीत' असा एकच शब्द लिहून लोक मोकळे होतात आणि त्यात चार जणांचं काम एकाच्या नावावर जातं. प्रत्येक गाण्यासाठी हे चार प्रश्न वेगळे विचारा:

- मूळ शब्द कोणाचे?
- चाल कोणाची?
- आपण गातो ते मराठी शब्द कोणाचे?
- आवाजांची आणि वाद्यांची मांडणी, म्हणजे अरेंजमेंट, कोणाची?

'सायलेंट नाइट' घ्या. मूळ जर्मन शब्द योसेफ मोर या पाद्रींचे, चाल फ्रान्झ ग्रूबर यांची. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडोर्फ गावी १८१८ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते पहिल्यांदा गायलं गेलं. म्हणजे त्यापुढे 'पारंपरिक' लिहिणं सरळ चूक आहे, त्याचे कर्ते माहीत आहेत. आमच्याकडे ते मराठीतून गातात आणि ते मराठी शब्द मंडळीतल्या एका आजींच्या वहीतले. वही कोणाची हे सगळ्यांना माहीत होतं, पण शब्द त्यांचेच की त्यांनी कुठून उतरवून घेतलेले, हे कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. आजी म्हणाल्या, 'माझे नाहीत रे बाबा, आमच्या लहानपणी होस्टेलात शिकवलेले.' मग आम्ही लिहिलं: 'मराठी शब्द: जुन्या हस्तलिखित वहीतून, अनुवादक अज्ञात.' खोट्या नावापेक्षा 'अज्ञात' बरं. वही जपल्याबद्दल आजींचं नाव आभारात आलं, आणि त्या त्यावरच खूश होत्या.

गाणं 'उपासना संगीत' मधून घेतलं असेल तर कर्त्याचं नाव तिथून घ्या आणि गीताचा क्रमांकही द्या. क्रमांक दिला की घरी ऐकणारा पुस्तक उघडून बरोबर गातो.

इंग्रजी शीट म्युझिकवर ही नावं बहुधा ठरलेल्या जागी असतात. डावीकडे वर शब्दकाराचं, उजवीकडे वर संगीतकाराचं, आणि त्याच्याखाली `arr.` लावून मांडणी करणाऱ्याचं. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात हक्काची ओळ असते. झेरॉक्स काढताना नेमकी तीच ओळ कापली जाते. क्वायरकडे तिसऱ्या पिढीची झेरॉक्स असेल तर मूळ प्रत शोधून पहिल्या पानाचा फोटो काढून ठेवा.

तपासणी: इंटरनेटवर पहिल्यांदा दिसलेलं नाव लगेच उचलू नका. 'अवे इन अ मेंजर' मार्टिन लूथरचं म्हणून शेकडो ठिकाणी छापलेलं आहे. ते लूथरचं नाही. ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पुढे आलं. शिवाय त्याच्या दोन चाली प्रचारात आहेत, त्यामुळे आपण कोणती गातो ते पाहूनच संगीतकार लिहावा लागतो. 'ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम' चंही तसंच. शब्द फिलिप्स ब्रुक्स यांचे, पण अमेरिकन चाल रेडनर यांची आणि इंग्लंडमध्ये गातात ती चाल व्हॉन विल्यम्स यांनी लोकगीतावरून बसवलेली. नाव एक, गाणी दोन.

## ३. जुनं गाणं, नवी मांडणी: इथे थांबा

'कॅरल दोन-तीनशे वर्षं जुनं आहे, त्याला कसला कॉपीराइट?' हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. शब्द आणि चाल जुनी असेल, पण मांडणी ही वेगळी कृती आहे आणि तिचा हक्क वेगळा चालतो. भारतीय कायद्यात कर्ता वारल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो.

'ओ कम ऑल यी फेथफुल' मध्ये हे नीट दिसतं. लॅटिन मूळ अठराव्या शतकातलं, इंग्रजी शब्द फ्रेडरिक ओकली यांचे १८४१ चे. दोन्ही मोकळे. पण शेवटच्या कडव्यांत सोप्रानो मूळ चालीच्या वरून जी उंच सुरावट गातात, तो डेस्कंट, तो बहुतेक क्वायर डेव्हिड विलकॉक्स यांचा गातात. तो १९६१ मध्ये छापला गेला आणि विलकॉक्स २०१५ मध्ये वारले. म्हणजे आपल्याकडे २०७५ संपेपर्यंत तो हक्कात आहे. खाली 'पारंपरिक' लिहून तो टाकणं म्हणजे श्रेयही बुडवणं आणि परवानगीही टाळणं.

यातून दोन वाटा निघतात. प्रकाशकाकडे परवानगी मागा, आणि ती ऑक्टोबरातच मागा, कारण डिसेंबरात उत्तर वेळेत येईल याचा नेम नाही. नाहीतर व्हिडिओसाठी जुन्या स्तोत्रपुस्तकातली साधी चार आवाजांची मांडणी गा आणि डेस्कंट उपासनेसाठी राखून ठेवा. खऱ्या धार्मिक विधीत गाण्याला कायद्यात सवलत आहे, पण व्हिडिओ करून जगभर दाखवणं त्याच सवलतीत बसतं असं धरून चालू नका. आम्ही दुसरी वाट धरली. सोप्रानो आठवडाभर रुसल्या होत्या.

मांडणी आपल्याच क्वायरमधल्या कोणाची असेल तर नेमकं लिहा. आमच्या एका मराठी गीताला एका मुलाने टेनर आणि बेस बसवले, तबल्यावर केरवा ठरवला आमच्या तबलजींनी, आणि शेवटची लय वाढवली ती क्वायर चालवणाऱ्या मॅडमनी. पहिल्या मसुद्यात मी 'मांडणी: मॅडम' असं लिहिलं होतं, कारण त्या समोर उभ्या राहून हात हलवतात. बरोबर ओळ अशी झाली: 'आवाजांची मांडणी' मुलाच्या नावावर, 'तालरचना' तबलजींच्या नावावर, 'क्वायर संचालन' मॅडमच्या नावावर.

सावधान: 'नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड' ही ओळ कशालाही वाचवत नाही. श्रेय देणं म्हणजे परवानगी मिळणंही नव्हे. आणि मागे तयार ट्रॅक वाजवला असेल तर त्या ट्रॅकच्या मालकाचा दावा यूट्यूबवर आपोआप येऊ शकतो, गाणं कितीही जुनं असो. तबला-हार्मोनियमवर प्रत्यक्ष वाजवा, ही कटकट राहत नाही.

## ४. वेळा: पास्टरांकडून लेखी, वार आणि तारखेसकट

वेळा तोंडी घेऊ नका. गेल्या वर्षीच्या पोस्टवरून तर मुळीच नको. तारखा त्याच असतात, पण वार सरकतो आणि वारानुसार वेळा बदलतात. पास्टरांना किंवा चर्चच्या ऑफिसला यादी पाठवा आणि 'बरोबर आहे' असं लेखी उत्तर घ्या. कॅथलिक पॅरिशमध्ये हेच फादरांकडून आणि मिस्सांच्या वेळांसाठी.

मध्यरात्रीच्या उपासनेची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. एका वर्षी मी लिहिलं होतं: '२५ डिसेंबर, रात्री १२ वाजता.' माझ्या डोक्यात ते बरोबर होतं, कारण बाराला पंचवीस तारीख लागते. बुटीबोरीहून एक कुटुंब स्कूटरवर मुलांना घेऊन, कानटोप्या घालून आलं. ते आले २५ तारखेच्या रात्री. चर्चला कुलूप आणि आवारात फक्त चौकीदार. नागपूरची डिसेंबरातली रात्र किती गारठते ते इथल्यांना सांगायला नको. मी '२४ डिसेंबर, रात्री १२' लिहिलं असतं तरी तेवीस-चोवीसच्या मधली रात्र समजणारं कोणीतरी निघालंच असतं.

तेव्हापासून 'रात्री १२' हे शब्द मी वापरत नाही. उपासना साडेअकराच्या प्रार्थनेने सुरू होत असेल तर तीच वेळ द्यायची: 'गुरुवार, २४ डिसेंबर २०२६, रात्री ११:३०'. अगदी बारालाच सुरू होत असेल तर 'गुरुवारी रात्री ११:४५ पर्यंत जागा घ्यावी' असं लिहा. ३१ डिसेंबरच्या वॉचनाइटलाही हाच नियम.

प्रत्येक ओळीत पाच गोष्टी हव्यात: वार, तारीख, वर्ष, सकाळ-संध्याकाळ सांगणारा शब्द आणि भाषा. भाषा विसरू नका. एकाच चर्चमध्ये मराठी, हिंदी आणि इंग्रजी उपासना वेगवेगळ्या वेळी असतात आणि आजीला इंग्रजी उपासनेत बसवून आणल्याची तक्रार माझ्याकडे आलेली आहे. वर्ष यासाठी की व्हिडिओ पुढच्या डिसेंबरातही फिरतो.

गाडी कुठे लावायची याची एक ओळ जोडा. कॅरल सर्व्हिस अधिवेशनाच्या दिवसांत असेल आणि चर्च सदर किंवा सिव्हिल लाइन्सच्या बाजूला असेल, तर वळवलेल्या रस्त्यांचा विचार करून 'पंधरा मिनिटं आधी निघा' असंही लिहा.

तपासणी: कॅलेंडर उघडून वार आणि तारीख जुळवा. २०२६ मध्ये २४ डिसेंबर गुरुवारी आहे, २५ शुक्रवारी, आणि त्याआधीचा रविवार २० तारखेला. वार आणि तारीख जुळत नसेल तर वाचणारा दोन्हीवर विश्वास ठेवत नाही, फोन करतो.

## ५. आता मजकूर लिहा, याच क्रमाने

फोनवर व्हिडिओखाली सुरुवातीचं थोडंसंच दिसतं, बाकीचं उघडावं लागतं. म्हणून १ जानेवारीपर्यंत पहिली ओळ वेळेची. शुभेच्छा खाली. शीर्षकाला यूट्यूबवर १०० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात गाणं, क्वायर आणि गाव एवढंच बसवा.

आमचा साचा असा आहे. नावांच्या जागी रेषा ठेवल्या आहेत:

> नाताळची मराठी उपासना: गुरुवार, २४ डिसेंबर २०२६, रात्री ११:३० | ____ चर्च, सदर, नागपूर
>
> इतर उपासना:
> कॅरल सर्व्हिस (मराठी-इंग्रजी): रविवार, २० डिसेंबर २०२६, संध्याकाळी ६:३०
> नाताळ सकाळ (हिंदी): शुक्रवार, २५ डिसेंबर २०२६, सकाळी ८:००
> नाताळ सकाळ (मराठी): शुक्रवार, २५ डिसेंबर २०२६, सकाळी १०:००
> वॉचनाइट (मराठी): गुरुवार, ३१ डिसेंबर २०२६, रात्री १०:३०
> गाड्या मागच्या फाटकातून. चौकशी: चर्च ऑफिस ____
>
> या व्हिडिओत:
> 0:00 प्रार्थना
> 0:50 सायलेंट नाइट (मराठी). शब्द: योसेफ मोर. चाल: फ्रान्झ ग्रूबर. मराठी शब्द: जुन्या वहीतून, अनुवादक अज्ञात. सोलो: ____
> 4:35 ओ कम ऑल यी फेथफुल. इंग्रजी शब्द: फ्रेडरिक ओकली. मांडणी: ____ स्तोत्रपुस्तकातून
> 8:10 मराठी नाताळगीत. शब्द व चाल: ____. आवाजांची मांडणी: ____. तालरचना: ____
>
> सोप्रानो: ____ | आल्टो: ____ | टेनर: ____ | बेस: ____
> तबला: ____ | कीबोर्ड: ____ | क्वायर संचालन: ____
> ध्वनिमुद्रण व मिक्सिंग: ____ | कॅमेरा व एडिटिंग: ____
> आभार: ____
>
> नाव किंवा श्रेय चुकलं असल्यास चर्च ऑफिसला कळवा, दुरुस्त करू.

मिनिटं-सेकंदांचे आकडे इंग्रजीतच टाका. त्यावर बोट लावलं की व्हिडिओ तिथे उडी मारतो, देवनागरी आकड्यांवर तो भरवसा नाही. यूट्यूबवर भाग वेगळे दिसायला हवे असतील तर यादी `0:00` पासून सुरू व्हावी, किमान तीन वेळा असाव्यात, चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा असावा. `0:00` ची ओळ गाळली की बाकी सगळं बरोबर असूनही भाग पडत नाहीत. ही चूक मी दोन वर्षं केली आणि दोन्ही वर्षं दोष एडिटरला दिला.

प्रत्येक आवाजातली नावं आडनावाच्या अकारविल्हेने लावा आणि तसं ग्रुपवर आधीच सांगून टाका. ज्येष्ठतेने लावलीत तर कोण आधी हा वाद मिटणार नाही. सोलो गायकाचं नाव दोनदा येतं, एकदा गाण्यापुढे आणि एकदा त्याच्या आवाजात. ते बरोबर आहे, सोलो गाणारा बाकीची गाणी सगळ्यांबरोबरच गायलेला असतो.

चौकशीसाठी कोणाचा खासगी मोबाइल देऊ नका. मी एकदा माझा दिला होता. एप्रिलमध्येही 'मिडनाइट कधी' म्हणून फोन आला.

## ६. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामसाठी वेगळी छोटी कॅप्शन

यूट्यूबची लिंक फॉरवर्ड केली की खालचा लांब मजकूर तिच्यासोबत जात नाही. समोरच्याला दिसतं ते मुख्यतः शीर्षक आणि चित्र. म्हणून लिंकबरोबर पाठवायच्या चार ओळी वेगळ्या लिहा: गाणं आणि क्वायर, एकच मुख्य वेळ वार-तारखेसकट, चर्चचा पत्ता, आणि 'गायक-वादकांची नावं व इतर वेळा व्हिडिओखाली'. सगळ्या वेळा कोंबू नका. पाच वेळांतली चुकीची वेळ लक्षात ठेवणारे लोक असतात.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनमधल्या लिंकवर बोट लावून काही उघडत नाही आणि मर्यादा २,२०० अक्षरांची आहे. तिथे लिंक प्रोफाइलमध्ये ठेवा. नावं मात्र पूर्ण द्या, कारण तिथून यूट्यूबपर्यंत कोणी जात नाही. एक मिनिटाचा तुकडा टाकलात तर त्या तुकड्यातल्या गाण्याचंच श्रेय द्या, तिन्ही गाण्यांचं नको.

## ७. चढवायच्या आधी तीन जणांना वाचायला द्या

व्हिडिओ आधी `Unlisted` ठेवा. लिंक फक्त तिघांना पाठवा. पास्टर वेळा वाचतील, क्वायर चालवणारे श्रेय वाचतील, आणि तिसरा असा माणूस घ्या जो सगळ्या गायकांना नावाने ओळखतो. आमच्याकडे त्या एक काकू आहेत, चहा देणाऱ्या. त्यांच्या हातात दारातला कागद द्या आणि व्हिडिओ लावा. चेहरा दिसला की त्या नावावर टिक करतात. कागदावर टिक नसलेलं नाव किंवा पडद्यावर नाव नसलेला चेहरा उरला की थांबायचं.

तिघांचं 'हो' आलं की `Public`. त्यानंतर कोणी चूक सांगितली तर वाद न घालता त्याच दिवशी दुरुस्त करा आणि ग्रुपवर 'अमुक नाव दुरुस्त केलं' असं लिहा. गुपचूप बदललेलं ज्याचं नाव राहिलं होतं त्याला कळतच नाही.

दुरुस्तीची शेवटची तारीख आत्ताच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा: १ जानेवारी. त्या दिवशी वेळांचा वरचा भाग काढून टाका, तिथे दर रविवारच्या उपासनेची वेळ लिहा, आणि गाण्यांची व गायकांची नावं सगळ्यात वर सरकवा.